फरकाचा पगार कोणत्या महिन्याचा?

वेतनकरार मागच्या तारखेपासून लागू झाला की कंपनीत दोनच प्रश्न विचारले जातात: फरक किती निघाला आणि हातात किती पडणार? त्या फरकावरच्या भविष्य निर्वाह निधीचा, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या पीएफचा, विचार फारसा कोणी करत नाही. पगाराचे काम पाहणाऱ्याला विचारले तर त्याचे उत्तर ठरलेले असते. फरकाची सगळी रक्कम चालू महिन्याच्या पगारात मिळवायची आणि नेहमीप्रमाणे पीएफ काढायचा, मर्यादा आधीच गाठली असेल तर फरकावर काही कापायचे नाही. कामगारालाही यात वावगे वाटत नाही, कारण कपात कमी म्हणजे हातात जास्त.

ही समजूत वरवरची आहे आणि ती कामगाराला महाग पडते, असे माझे ठाम मत आहे. फरक ज्या महिन्यात हाती येतो त्या महिन्याचा तो पगार नसतो. ज्या ज्या महिन्यांत काम केले, त्या त्या महिन्यांचा राहून गेलेला पगार म्हणजे फरक. एवढे एक वाक्य शेवटपर्यंत धरून ठेवले तर कपात किती, मालकाचा हिस्सा किती, त्यातला पेन्शनमध्ये किती आणि भरणा कधी, या सगळ्यांची उत्तरे त्यातूनच निघतात. एका प्रश्नाचे मात्र निघत नाही. त्याकडेही मी येईन.

## १. फरक हा पगारच

आधी मुळाशी जाऊ. फरकावर पीएफ लागतोच का? कर्मचारी भविष्य निर्वाह निधी कायदा १९५२ सालचा. त्यातल्या व्याख्येनुसार कामावर असताना किंवा पगारी रजेवर असताना, नोकरीच्या कराराप्रमाणे कमावलेला आणि रोख दिलेला किंवा देय असलेला मोबदला म्हणजे मूळ वेतन. याच व्याख्येचा आधार घेऊन एक युक्तिवाद झाला होता. काम केले तेव्हा करारात जुनाच दर होता. वाढीव दर नंतर ठरला. मग वाढीव रक्कम 'कराराप्रमाणे कमावलेली' कशी?

राजस्थान राज्य विद्युत मंडळाच्या कामगारांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे निवाड्याने पगार मागच्या तारखेपासून वाढला होता. १९९२ साली न्यायालयाने वरचा युक्तिवाद फेटाळला. मूळचा पगार पीएफसाठी मूळ वेतन होता, तर निवाड्याने सुधारलेला पगार तसा नाही असे म्हणायला आधार उरत नाही, हा त्या निकालाचा गाभा. निवाडा किंवा करार जुन्या दराच्या जागी नवा दर बसवतो, तोही मागच्या तारखेपासून. म्हणून त्या महिन्यांचे मूळ वेतनच बदलते.

यावरून फरकातल्या कोणत्या भागावर पीएफ लागतो तेही स्पष्ट होते. मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या फरकावर लागतो. घरभाडे भत्त्याच्या किंवा ओव्हरटाइमच्या फरकावर लागत नाही, कारण त्या त्या महिन्यातही तो लागत नव्हता. कराराच्या फरकपत्रकात हे सगळे एकाच आकड्यात मिसळलेले असेल तर पुढचा हिशेब सुरूच होऊ शकत नाही. पत्रकात प्रत्येक घटकाचा रकाना वेगळा आहे का, हे पहिल्यांदा पाहावे.

## २. एकच फरक, तीन उत्तरे

एक उदाहरण हिशेबापुरते घेऊ. चाकणच्या बाजूचा एखादा मध्यम आकाराचा कारखाना धरा. करार ऑक्टोबर २०२३ मध्ये झाला, पण १ एप्रिल २०२२ पासून लागू. एका कामगाराचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिन्याला १३,२०० रुपये होता, तो १६,४०० झाला. महिन्याचा फरक ३,२०० रुपये. एप्रिल २०२२ ते ऑक्टोबर २०२३ हे एकोणीस महिने, म्हणून एकूण फरक ६०,८०० रुपये. तो नोव्हेंबरच्या पगाराबरोबर दिला. पीएफसाठी पगाराची कमाल मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासून महिन्याला १५,००० रुपये आहे, आणि ही कंपनी मर्यादेपुरताच पीएफ भरते.

आता नोव्हेंबरचे पगारपत्रक डोळ्यांसमोर आणा. चालू पगार १६,४००. खालच्या ओळीत फरक ६०,८००. पीएफच्या रकान्यात १,८००, म्हणजे पंधरा हजारांचे बारा टक्के. साठ हजारांहून जास्त रकमेच्या त्या ओळीपुढे पीएफसाठी शून्य. पत्रक तयार करणाऱ्याला विचारा, तो म्हणेल, "मर्यादा भरली ना." त्याचे म्हणणे चालू महिन्यापुरते खरेही आहे.

पण मर्यादा महिन्याची असते, गठ्ठ्याची नसते. एप्रिल २०२२ मध्ये या कामगाराचा पीएफ १३,२०० रुपयांवर कापला होता. त्या महिन्याचा पगार आता १६,४०० ठरला. मर्यादेपर्यंत अजून १,८०० रुपयांची जागा त्या महिन्यात शिल्लक होती. १,८०० चे बारा टक्के २१६ रुपये. असे एकोणीस महिने, म्हणजे ४,१०४ रुपये कामगाराचे आणि तेवढेच मालकाचे. शून्याच्या जागी ८,२०८ रुपये.

त्याच खात्यातला दुसरा कामगार घ्या. त्याचा जुना पगारच १५,५०० रुपये होता आणि पीएफ पंधरा हजारांवर कापला जात होता. त्यालाही महिन्याला ३,२०० चाच फरक मिळाला, पण मागच्या कुठल्याच महिन्यात मर्यादेखाली जागा नव्हती. त्याच्या फरकावर खरोखरच शून्य. आणि शेजारची कंपनी मर्यादा न मानता पूर्ण पगारावर पीएफ भरणारी असेल, तर पहिल्या कामगाराच्या जागी तिथला कामगार ६०,८०० च्या पूर्ण बारा टक्क्यांना, ७,२९६ रुपयांना पात्र ठरतो, आणि मालकही तेवढ्याला बांधील होतो. फरक तोच ६०,८००. उत्तरे ०, ४,१०४ आणि ७,२९६. ही उत्तरे फरकाच्या बेरजेतून कधीच सापडणार नाहीत, ती जुन्या महिन्यांच्या रकान्यांतच आहेत.

बिनपगारी रजा असलेला महिना या हिशेबात आणखी वेगळा पडतो. त्या महिन्यात कमी दिवसांचा पगार असतो, म्हणून फरकही कमी आणि मर्यादेखालची जागा जास्त. सरासरी काढून एकोणीसने गुणले की हा महिना चुकतो.

## ३. मालकाच्या हिश्श्यातली पेन्शन

कामगाराचा हिस्सा सरळ त्याच्या खात्यात जातो. मालकाचे बारा टक्के मात्र दोन वाटांनी जातात. पगाराच्या ८.३३ टक्के पेन्शन योजनेत आणि उरलेले पीएफमध्ये. पेन्शनच्या भागालाही पंधरा हजारांची मर्यादा आहे, म्हणून तो महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये.

आपल्या पहिल्या कामगाराचा पेन्शनचा भाग १३,२०० वर १,१०० रुपये होता. नव्या पगाराने तो १,२५० व्हायला हवा. महिन्याला १५० रुपये कमी पडले, एकोणीस महिन्यांचे २,८५०. म्हणजे मालकाच्या ४,१०४ पैकी २,८५० पेन्शनमध्ये आणि १,२५४ पीएफ खात्यात जायला हवेत. पूर्ण पगारावर पीएफ भरणाऱ्या कंपनीत इथे एक लपलेली चूक होते. तिथला क्लार्क फरक नोव्हेंबरमध्ये मिळवतो. नोव्हेंबरचे १,२५० पेन्शनमध्ये गेलेलेच असतात, म्हणून फरकावरचा मालकाचा सगळा हिस्सा पीएफमध्ये टाकतो. बेरीज बरोबर येते, पैसे पूर्ण भरलेले दिसतात, आणि म्हणून चूक कोणाला सापडत नाही. पेन्शनच्या नोंदीत मात्र ते एकोणीस महिने १३,२०० वरच राहतात.

याने बिघडते काय? पेन्शन शेवटच्या साठ महिन्यांच्या सरासरी पगारावर ठरते. आपला कामगार सप्टेंबर २०२४ च्या सुरुवातीला अठ्ठावन्न वर्षांचा होऊन निवृत्त झाला असे धरू. त्याच्या साठ महिन्यांत हे एकोणीसही आले. दर महिन्याला १,८०० रुपये कमी, म्हणून सरासरी ५७० रुपयांनी खाली. १ सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या सेवेचा हिशेब जुन्या, ६,५०० च्या मर्यादेने वेगळा होतो, तेव्हा तो भाग सोडून देऊ. नंतरची दहा वर्षे पाहिली तर ५७० गुणिले १० भागिले ७०, म्हणजे महिन्याला सुमारे ८१ रुपयांची पेन्शन कमी. हा आकडा लहान आहे आणि मी तो फुगवून सांगत नाही. पण पेन्शनर हयात असेपर्यंत दर महिन्याला तो कमी मिळत राहतो, तोही मालकाने पैसे भरलेले असताना, केवळ ते चुकीच्या रकान्यात गेले म्हणून.

मागच्या काळात एखाद्याने अठ्ठावन्न पूर्ण केले असतील आणि तो कामावर राहिला असेल, तर त्यानंतरच्या महिन्यांचा पेन्शनचा भाग नसतोच. मालकाचे पूर्ण बारा टक्के पीएफमध्ये जातात. म्हणजे एकाच माणसाच्या एकोणीस महिन्यांत दोन वेगळे नियम लागू शकतात.

## ४. कोणाच्या खिशातून

पीएफ योजनेचा परिच्छेद ३१ स्पष्ट आहे. मालकाचा हिस्सा कामगाराच्या पगारातून कापता येत नाही, करारात तसे लिहिले असले तरीही. म्हणून 'फरकाच्या रकमेत मालकाचा पीएफ हिस्सा समाविष्ट आहे' अशा अर्थाचे कलम करारात आले तर त्याला किंमत नाही. युनियनने सही केली असली तरी नाही. ३,२०० ची वाढ ठरली असेल तर ३,२०० पगारात, आणि मालकाचे २१६ त्याहून वेगळे.

कामगाराच्या हिश्श्याबद्दल परिच्छेद ३२ आहे आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात वेळेचे बंधन आहे. कामगाराचा हिस्सा ज्या कालावधीसाठी देय आहे त्याच कालावधीच्या पगारातून कापता येतो, दुसऱ्या पगारातून नाही. फरक हा जुन्या महिन्यांचाच पगार असल्यामुळे फरक देताना त्यातून कपात करणे या नियमात बसते. पण फरक पूर्ण देऊन टाकला आणि तीन महिन्यांनी लक्षात आले म्हणून मार्चच्या पगारातून ४,१०४ कापायचे म्हटले, तर मार्चचा पगार हा त्या एकोणीस महिन्यांचा पगार नव्हे. कारकुनी चूक किंवा अनवधान असेल तर निरीक्षकाची लेखी संमती घेऊन पुढच्या पगारातून वसुली करता येते. संमती न घेता नाही. दोन्ही हिस्से भरण्याची जबाबदारी प्रथम मालकाचीच असते, म्हणून संमती नसेल तर कामगाराचा हिस्साही त्यालाच सोसावा लागतो. ज्या मालकाला फरकावरच्या पीएफचा हिशेब किचकट वाटतो त्याने फरक वाटण्याआधी हा परिच्छेद वाचावा.

## ५. भरणा कधी, आणि दंडाची भीती

नेहमीचा पीएफ महिना संपल्यापासून पंधरा दिवसांत भरायचा असतो. मग एप्रिल २०२२ चा फरक नोव्हेंबर २०२३ मध्ये दिला तर तो दीड वर्ष उशिरा भरल्यासारखे होते का? अनेक मालक जुन्या महिन्यांचा उल्लेख टाळतात तो याच भीतीने. महिनावार दाखवले की उशिराचे व्याज आणि दंड अंगावर येईल, असे त्यांना वाटते.

माझ्या मते ही भीती बिनबुडाची आहे. करारावर सही होईपर्यंत ते ३,२०० रुपये कोणालाच देय नव्हते. जे देय नव्हते त्यावरचा पीएफ थकला असे म्हणता येत नाही. फरक नोव्हेंबरच्या पगाराबरोबर देय झाला, म्हणून त्यावरचा पीएफ १५ डिसेंबरपर्यंत भरला की कसूर नाही. रक्कम किती हे जुन्या महिन्यांवरून ठरते, आणि भरण्याची मुदत रक्कम देय झाल्यापासून मोजायची. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. भविष्य निर्वाह निधीच्या पोर्टलवर फरकाचा भरणा नेहमीच्या मासिक फाइलपासून वेगळा करण्याची सोयही ठेवलेली आहे. महिनावार तक्ता, कराराची प्रत आणि फरक दिल्याची तारीख एकत्र जपली की निरीक्षकासमोर उत्तर तयार असते.

ही सवलत सगळ्या फरकांना मात्र नाही. महाराष्ट्रात किमान वेतनाचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. एखाद्या कंत्राटदाराने वर्षभर जुन्याच दराने पगार दिला आणि तक्रार झाल्यावर फरक दिला, तर तो फरकही दिसायला तसाच असतो. पण तिथे वाढीव पगार कायद्याने पहिल्यापासून देय होता, दिला नाही इतकेच. त्यावरचा पीएफ मूळ महिन्यापासून थकलेला आहे. वर्षाला बारा टक्के व्याज त्या तारखेपासून लागते, आणि विलंबाबद्दलचा दंड वेगळा. करारातून जन्मलेला फरक आणि कायदा मोडून साठलेला फरक यांना एकच 'फरक' हा शब्द वापरतो, तेव्हा हा भेद झाकला जातो.

## ६. आक्षेप

पहिला आक्षेप कामगारांकडूनच येतो. फरक एकदाच मिळतो, घरात त्यावर खर्च ठरलेले असतात, मग कपात कशाला? भावना मला कळते. पण वरच्या कामगाराने स्वतःचे ४,१०४ हातात घेतले की मालकाचे ४,१०४ जातात. शिवाय ही निवड त्याच्या हातात नाहीच. मर्यादेखालच्या पगारावर पीएफ सक्तीचा आहे आणि करार करून तो सोडता येत नाही.

दुसरा आक्षेप कामाच्या बोज्याचा. चारशे कामगार, एकोणीस महिने, इतका हिशेब कोण करणार? तो आधीच झालेला असतो. फरकाची रक्कम काढतानाच प्रत्येक महिन्याची हजेरी, जुना दर आणि नवा दर तपासावे लागले होते. त्याच तक्त्यात जुना पीएफ पगार आणि नवा पीएफ पगार असे दोन रकाने वाढवायचे. काम बेरीज करण्याआधी थांबायचे आहे, इतकेच.

तिसरा आक्षेप चतुर आहे. फरक न म्हणता 'एकरकमी सानुग्रह रक्कम' म्हणा, पीएफ लागणारच नाही. सर्वांना सारखी, पगाराशी आणि हजेरीशी संबंध नसलेली रक्कम तडजोड म्हणून दिली असेल तर वादाला जागा आहे, हे मी मान्य करतो. पण तीच रक्कम दर गुणिले हजेरी अशी काढली असेल तर नाव बदलून ती पगार असायची थांबत नाही. भत्त्यांना वेगळी नावे देऊन पीएफमधून वगळण्याचा प्रश्न २०१९ मध्ये विवेकानंद विद्यामंदिर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हाही न्यायालयाने नावापेक्षा रकमेचे स्वरूप पाहिले. रक्कम कशी मोजली ते मागवा, कलमाचे शीर्षक बाजूला ठेवा.

चौथा आक्षेप माझ्याच मांडणीवर आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. फरक जर जुन्या महिन्यांचा पगार, तर त्यावरच्या पीएफचे व्याजही जुन्या महिन्यांपासून का नको? पीएफवर व्याज महिन्याच्या शिलकीवर मोजतात. पैसे डिसेंबर २०२३ मध्ये आले की व्याज पुढच्या महिन्यापासून. आधीचे काही नाही. आपल्या कामगाराच्या पीएफ खात्यात दोन्ही मिळून महिन्याला २८२ रुपये उशिरा आले. त्या काळातले व्याजदर ८.१५ आणि ८.२५ टक्के धरले तर साडेतीनशेच्या वर रुपये बुडाले. मालकाने कसूर केलेली नाही, म्हणून त्याच्याकडून कायद्याने मागता येत नाही. हे नुकसान करार लांबल्याचे आहे, आणि म्हणून ते करारातच भरून मागायला हवे. फरकावरच्या पीएफच्या बुडालेल्या व्याजापोटी वेगळी रक्कम, असे एक कलम मागण्यांच्या यादीत घालायला काही अडचण नाही. ते सहसा नसते, कारण मागण्या लिहिताना पीएफ कोणाच्या डोक्यात नसतो.

## ७. जे आता पटावर नाहीत

एकोणीस महिन्यांत काही जण निवृत्त झालेले असतात, काही सोडून गेलेले, एखादा गेलेला. करार त्यांना लागू असेल तर त्यांनाही फरक देय आहे आणि त्यांच्या सभासदत्वाच्या महिन्यांपुरता पीएफही. गठ्ठ्याच्या पद्धतीत त्यांचा चालू महिनाच नसतो, म्हणून फरक कुठे मिळवायचा हे क्लार्कला सुचत नाही. मग फरक धनादेशाने दिला जातो आणि पीएफ राहून जातो. त्यांचे खाते आधीच काढलेले असले तरी त्याच यूएएनखाली भरणा करून नंतर पुन्हा दावा करावा लागतो.

यात सर्वांत जास्त गमावते ते मरण पावलेल्याचे कुटुंब. पीएफबरोबर विमा योजना असते. कामावर असताना मृत्यू झाला तर आधीच्या बारा महिन्यांच्या सरासरी पगाराच्या, पंधरा हजारांच्या मर्यादेत, पस्तीस पट रक्कम वारसाला मिळते. खात्यातल्या शिलकीवरचा भाग त्याहून वेगळा. आपल्या पहिल्या कामगाराइतकाच पगार असलेला त्याचा सहकारी जून २०२३ मध्ये गेला असे समजा. त्याचे आधीचे बारा महिने सगळे करारातले आहेत. जुन्या नोंदीने पस्तीस पट होतात ४,६२,००० रुपये. सुधारलेल्या पगाराने होतात ५,२५,०००. मध्ये ६३,००० रुपये आहेत. मालकाने त्या बारा महिन्यांच्या पगाराची नोंद महिनावार दुरुस्त करून त्यावरचा भरणा केला, तरच त्याच्या पत्नीला भविष्य निर्वाह निधी कार्यालयात जाऊन ते मागण्यासाठी हातात कागद असेल. तिला फरकाचा धनादेश मिळालेला असतो, आणि विम्याचा दावा जुन्या पगारावर मंजूर होऊन बंद झालेला असतो.